‘सर, हे तर सगळ्यांनाच माहीत आहे’: कोणत्या वाक्याला संदर्भ हवा, कोणत्याला नको

प्रबंधाच्या मसुद्यात एखाद्या वाक्याखाली मी पेन्सिलीने ‘संदर्भ?’ असं लिहिलं की समोरून दोनपैकी एक उत्तर येतं. एक म्हणजे, ‘सर, हे तर सगळ्यांनाच माहीत आहे.’ आणि दुसरं, ‘बरं सर, मग सगळ्याच वाक्यांना टाकतो.’ पहिल्या विद्यार्थ्याच्या प्रकरणात वीस पानांत चार तळटिपा असतात. दुसऱ्याच्या प्रकरणात ‘महाराष्ट्र राज्याची स्थापना १ मे १९६० रोजी झाली’ या वाक्यालाही तळटीप असते, आणि ती कुठल्या तरी गाइडची असते. दोघांची चूक एकच आहे. दोघेही पूर्ण वाक्याकडे बघतात, आणि त्या वाक्यात नेमका कोणता दावा केलाय हे बघायचं राहून जातं.

आधी एका शब्दाबद्दल. संदर्भ न देता लिहिता येते त्या माहितीला मी इथे ‘सर्वज्ञात माहिती’ म्हणतो. ‘सामान्य ज्ञान’ हा शब्द मुद्दाम टाळतो. तो आपल्याकडे स्पर्धा परीक्षेच्या एका पेपराचं नाव होऊन बसला आहे, आणि त्यामुळे ‘सामान्य ज्ञानाच्या पुस्तकात आहे, म्हणजे संदर्भ नको’ अशी एक समजूत पसरली आहे. त्या पुस्तकांत कळसूबाई हे राज्यातलं सर्वांत उंच शिखर आहे हेही असतं आणि अमुक गोष्ट ‘भारतातील पहिली’ आहे हेही असतं. पहिल्या विधानावर कुणी वाद घालत नाही. ‘पहिली’, ‘सर्वांत जुनी’, ‘एकमेव’ या शब्दांवर मात्र हमखास वाद असतो, कारण तशाच मानाचे आणखी दोन दावेदार कुठे ना कुठे बसलेले असतात.

एक परिच्छेद घेऊ

विस्थापनावर काम करणाऱ्या एका विद्यार्थ्याच्या मसुद्यात कोयनेवरचा एक परिच्छेद होता. ओळख लपवण्यासाठी थोडा बदलून तो इथे देतो. वाक्यांना क्रमांक माझे आहेत.

(१) कोयना धरण सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्यात आहे. (२) ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे या परिसरात मोठा भूकंप झाला. (३) त्याची तीव्रता ६.५ रिश्टर होती आणि त्यात १७७ माणसे मृत्युमुखी पडली. (४) त्यापूर्वी दख्खनचे पठार भूकंपापासून सुरक्षित मानले जात असे. (५) धरणात साठवलेल्या पाण्यामुळेच हा भूकंप झाला, हे सिद्ध झाले आहे. (६) एवढ्या तडाख्यातही धरण उभे राहिले, ही अभियांत्रिकीची किमया होती. (७) आजही जमीन हलली की परिसरातील वयस्कर माणसे आधी धरणाकडे पाहतात. (८) त्यामुळे येथील विस्थापनाचा विचार भूकंप वगळून करता येत नाही.

मूळ मसुद्यात या पूर्ण परिच्छेदाला एकच तळटीप होती, शेवटच्या वाक्याच्या पूर्णविरामानंतर, आणि ती एका दैनिकाच्या लेखाची होती. विचारलं, या तळटिपेत काय काय आलं? उत्तर आलं, ‘सगळंच.’ पण आठव्या वाक्यातला निष्कर्ष त्या दैनिकाने काढलेला नव्हता. तो या मुलाचा स्वतःचा होता, आणि चांगला होता. चुकीच्या जागी तळटीप टाकून त्याने आपलं सर्वांत मोलाचं वाक्य दुसऱ्याच्या नावावर करून दिलं होतं.

वाक्य फोडा

म्हणून पहिलं काम हे, की प्रत्येक वाक्यात किती दावे आहेत ते मोजायचे. व्याकरणाच्या दृष्टीने वाक्य एक असलं तरी दावे दोन-तीन असू शकतात, आणि प्रत्येकाचा निकाल वेगळा लागतो.

तिसऱ्या वाक्यात उघडच दोन दावे आहेत, भूकंपाचा आकडा आणि मृतांचा आकडा. हे दोन बहुधा एकाच ठिकाणाहून घेतलेलेही नसतात. पाचवं वाक्य जास्त फसवं आहे. तिथे तीन दावे एकमेकांवर रचले आहेत. पाण्याचा आणि भूकंपाचा संबंध होता, हा पहिला. तेच कारण होतं, दुसरं कुठलं नव्हतं, हा दुसरा. आणि या बाबतीत आता शंका उरलेली नाही, हा तिसरा. यातला दुसरा दावा फक्त एका अक्षराने केला आहे, ‘पाण्यामुळेच’ मधल्या ‘च’ ने. मराठीत लिहिताना हा ‘च’ हातातून सहज निसटतो. बोलण्यात त्याचं वजन जाणवत नाही. शोधनिबंधात मात्र ‘पाण्यामुळे’ आणि ‘पाण्यामुळेच’ या दोन वाक्यांना वेगवेगळा पुरावा लागतो. मसुदा तपासताना मी एकदा फक्त ‘च’ शोधत पानं चाळतो. दहातले सात तर काढूनच टाकावे लागतात, आणि ते काढले की संदर्भाची गरजही पुष्कळदा संपते.

दावा कुणाचा आहे?

फोडलेल्या प्रत्येक दाव्याला आता विचारायचं, हे मला कुठून कळलं? उत्तरं साधारण तीन प्रकारची येतात.

काही दावे तुमचे असतात. आठवं वाक्य तसं आहे. तो लेखकाने काढलेला निष्कर्ष आहे, त्याला संदर्भ नको. त्याला युक्तिवाद हवा, आणि तो पुढच्या पानांवर यायला हवा. मात्र एक तपासा. हाच निष्कर्ष तुम्ही कुठे वाचला आणि नंतर विसरलात, असं तर नाही ना? तुमच्या वाचनाच्या टिपणवहीत तो सापडला, तर ज्याचा आहे त्याचं नाव लिहा.

काही दावे तुम्ही स्वतः गोळा केलेले असतात. सातवं वाक्य वाचून मी विचारलं, हे कुठून आलं? मुलगा म्हणाला, ‘सर, मी पाटणचाच. आमची आजी असंच करते.’ इथे एक महत्त्वाचा फरक आहे. गावातल्या सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट त्या गावात सर्वज्ञात असते, पण प्रबंध वाचणारा परीक्षक नागपूरचा किंवा पणजीचा असतो. त्याच्यासाठी ती नवी माहिती आहे, आणि ती तपासायला त्याच्याकडे दुसरा मार्ग नाही. त्यामुळे तिथे पुस्तकाचा संदर्भ नसला, तरी पुराव्याचा उल्लेख हवाच. किती जणांशी बोललात, कोणत्या गावांत, कोणत्या महिन्यात, हे लिहायचं. एकट्या आजीचं निरीक्षण असेल तर ‘परिसरातील वयस्कर माणसे’ हे कर्तापद टिकत नाही. त्या मुलाने पुढे सुट्टीत खरोखर बारा-तेरा वृद्धांशी बोलून घेतलं, आणि वाक्य बदललं. काहींनी धरणाकडे बघण्याऐवजी ‘आम्ही आधी गोठ्याकडे पळतो’ असं सांगितलं होतं. ते मूळ वाक्यापेक्षा कितीतरी चांगलं निघालं.

उरलेले दावे दुसऱ्याकडून आलेले. त्यातही कुणाचं मत, विश्लेषण, वर्गीकरण किंवा नेमके शब्द असतील, तर पुढचा विचारच नको, संदर्भ द्यायचा. सर्वज्ञात असण्याची सवलत फक्त वस्तुस्थितीला मिळते, मताला आणि शब्दरचनेला मिळत नाही. सहाव्या वाक्यात ‘धरण उभे राहिले’ ही वस्तुस्थिती आहे. ‘अभियांत्रिकीची किमया’ हे कुणाचं तरी कौतुक आहे. ते त्या दैनिकाच्या लेखातून जसंच्या तसं आलं होतं. आणि हे कौतुक अर्धवटही होतं. धरण उभं राहिलं, पण त्याच्या भिंतीच्या काही भागांना तडे गेले होते आणि नंतर ते बळकट करावं लागलं. उसनं मत संदर्भाविना आपल्या तोंडी घातलं, की त्यातल्या उणिवाही आपल्याच होतात.

वाचणारा कोण आहे?

वस्तुस्थितीचे जे दावे उरले, त्यांना विचारायचं, माझ्या वाचकाला हे माहीत असेल का, किंवा वाचताक्षणी तो ते शंकेशिवाय मान्य करील का? इथे ‘सगळ्यांना’ हा शब्द निरुपयोगी आहे. सगळे म्हणजे कोण? वाचक ठरल्याशिवाय निकाल लागत नाही.

पहिलं आणि दुसरं वाक्य मराठी वाचकासाठी संदर्भाविना चालतं. कोयना कुठे आहे हे कुठल्याही नकाशात दिसतं. ११ डिसेंबर १९६७ ही तारीखही मराठी लिखाणात जिथे बघाल तिथे तीच मिळते. ती माझ्या वाचकाला पाठ असेलच असं नाही, आणि असायला हवी असंही नाही. ‘माहीत असणं’ याचा अर्थ पाठ असणं असा घेतला, तर काहीच सर्वज्ञात उरणार नाही. वाचकाने कुठलंही साधं मराठी संदर्भपुस्तक उघडलं तरी तीच तारीख मिळेल आणि कुणी तिला आव्हान देणार नाही, एवढं पुरे.

पाचव्या वाक्याचा मात्र वाचकागणिक निकाल बदलतो. जलाशयात पाणी साठल्याने भूकंपाला चालना मिळू शकते, ही गोष्ट भूकंपशास्त्राच्या नियतकालिकात प्रास्ताविकाच्या पहिल्या ओळीत संदर्भाविना लिहिली तर कुणी भुवई उंचावणार नाही. झांबिया-झिंबाब्वेच्या सीमेवरचं करिबा, ग्रीसमधलं क्रेमास्ता, चीनमधलं शिनफेंगजियांग आणि आपलं कोयना, ही नावं त्या विषयात शिकवतानाच येतात. समाजशास्त्राच्या प्रबंधात तेच वाक्य संदर्भ मागतं, कारण तिथला परीक्षक ते मान्य करू शकत नाही आणि नाकारूही शकत नाही, त्याला फक्त तुमच्यावर विश्वास ठेवावा लागतो. उलट ‘विस्थापितांना मिळालेली पर्यायी जमीन बहुतेकदा कमी प्रतीची असते’ हे समाजशास्त्राच्या वाचकाला ओळखीचं वाटेल आणि भूकंपशास्त्रज्ञाला नवं. पण तिथेही ‘बहुतेकदा’ म्हटल्यामुळे संदर्भ द्यावाच लागेल. प्रमाण सांगणारा कुठलाही शब्द, मग तो ‘बहुतेक’ असो की ‘वाढते’, म्हणजे लपलेला आकडाच असतो.

दोन विद्याशाखांच्या सीमेवर काम करत असाल तर साधा नियम ठेवा. आपल्या विषयातलं वाक्य असेल तर सवलत घ्या, शेजारच्या विषयातलं असेल तर संदर्भ द्या. शेजारच्या घरातलं काय सर्वज्ञात आहे आणि काय नाही, याचा अंदाज बाहेरून चुकतो.

उत्तर सगळीकडे तेच मिळतं का?

ही कसोटी सर्वांत उपयोगी आहे, आणि हीच सगळे टाळतात, कारण तिला वेळ लागतो. फार नाही, एका दाव्याला पंधरा मिनिटं.

तिसऱ्या वाक्यातले आकडे घ्या. भूकंपाचा आकडा वेगवेगळ्या ठिकाणी पाहिलात तर कुठे ६.३ मिळेल, कुठे ६.५, कुठे ६.६. यात कुणी खोटं बोलत नाही. भूकंपाची मोजमापं एकाहून अधिक प्रकारची आहेत. कुठल्या प्रकारच्या लहरी मोजल्या आणि कुठली पद्धत वापरली, यावर आकडा बदलतो. लोकभाषेत सगळंच ‘रिश्टर’ होऊन जातं. मृतांचा आकडा कुठे १७७, कुठे १८०, कुठे ‘सुमारे २००’. म्हणजे उत्तर एक नाही. उत्तर एक नाही म्हणजे ते सर्वज्ञात नाही, भूकंप स्वतः कितीही प्रसिद्ध असो. घटना सर्वज्ञात आणि तिचा आकडा मात्र संदर्भाचा, अशी जोडी कायम भेटते. ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप महाराष्ट्रात कुणाला सांगावा लागत नाही, पण त्यात किती माणसं गेली हे लिहिताना संदर्भ लागतोच.

आता या कसोटीतली मोठी फसगत. पाच ठिकाणी एकच आकडा मिळाला म्हणजे पाच साक्षीदार मिळाले असं नाही. दर डिसेंबरात कोयना भूकंपाच्या आठवणींचे लेख येतात. पुष्कळदा या वर्षीचा लेख गेल्या वर्षीच्या लेखावरून लिहिलेला असतो, आणि तो त्याच्या आधीच्यावरून. पाचही लेखांत तोच आकडा, तेच विशेषण, आणि एखादी मुद्रणाची चूक असेल तर तीसुद्धा तीच. एकच विशेषण पुन्हापुन्हा दिसलं की समजावं, हे एकाच विहिरीचे पाच पोहरे आहेत. अशा वेळी ती विहीर शोधायची, म्हणजे मूळ अहवाल किंवा मूळ शोधनिबंध, आणि त्याचा संदर्भ द्यायचा. मूळ हाती लागलं नाही तर जे प्रत्यक्ष वाचलंत त्याचाच द्यायचा, ‘अमुक यांनी उद्धृत केल्याप्रमाणे’ असं स्पष्ट म्हणून. न वाचलेल्या अहवालाचा संदर्भ वाचल्यासारखा देणं ही लबाडी आहे, आणि तोंडी परीक्षेत ती एका प्रश्नात उघडी पडते. ‘त्या अहवालात हे कुठल्या प्रकरणात आहे?’ एवढंच विचारायचं असतं.

पडताळताना कधी कधी तुम्हाला निर्विवाद वाटलेली गोष्टही हलते. जलाशयात पाणी साठायला कधी सुरुवात झाली? मी स्वतः कित्येक वर्षं १९६२ म्हणत होतो. काही लिखाणात १९६१ दिसतं. विस्थापनाच्या प्रबंधात हे एक वर्ष इकडे-तिकडे झाल्याने काही बिघडत नाही, तिथे ‘साठच्या दशकाच्या सुरुवातीला’ म्हटलं की संदर्भाची गरजही जाते. पण पाणी भरल्यानंतर किती दिवसांत धक्के सुरू झाले, यावर तुमचा युक्तिवाद उभा असेल, तर त्या वर्षाला, किंबहुना महिन्याला, संदर्भ हवा. वाक्य किती सर्वज्ञात आहे याच्याइतकंच, तुमचं त्यावर किती वजन पडतं हेही बघायचं. ज्या विटेवर भिंत उभी आहे ती वीट कुठून आणली हे सांगावं लागतं. अंगणातली सांगितली नाही तरी चालते.

याच नियमाने शिवाजी महाराजांच्या जन्मतारखेचा प्रश्न सुटतो. सर्वसाधारण लेखात १९ फेब्रुवारी १६३० संदर्भाविना लिहिली जाते आणि तसं करण्यात गैर नाही. राज्य शासनाने ती स्वीकारली आहे. पण १६२७ की १६३० हा वाद अनेक दशकं चालला, हे इतिहासाचा विद्यार्थी जाणतो. महाराजांच्या बालपणीच्या वयावर ज्याचं विवेचन टेकलं आहे, त्याने तारखेला संदर्भ दिला नाही तर परीक्षक पहिला प्रश्न तोच विचारील.

‘मानले जाते’ची जागा

चौथ्या वाक्याकडे मी मुद्दाम शेवटी आलो. ‘दख्खनचे पठार भूकंपापासून सुरक्षित मानले जात असे.’ कुणाकडून? शास्त्रज्ञांकडून, शासनाकडून, की पाटणच्या बाजारात? मराठीतला कर्मणी प्रयोग इथे कर्त्याला पडद्याआड नेऊन बसवतो. ‘मानले जाते’, ‘म्हटले जाते’, ‘असे दिसून आले आहे’, ‘अभ्यासकांच्या मते’, ‘संशोधनातून सिद्ध झाले आहे’ या शब्दांनंतर संदर्भ नसेल, तर ते वाक्य अपुरं आहे असं बेलाशक समजा. या शब्दांचा अर्थच असा की हे कुणीतरी म्हटलं आहे. मग तो कोण, हे सांगायचं बाकी राहतं. मराठी विकिपीडियावर अशा वाक्यांमागे चौकटी कंसात ‘संदर्भ हवा’ असं लटकलेलं दिसतं, ते उगीच नाही.

दुरुस्तीचा मार्ग सोपा आहे. वाक्य कर्तरी करून बघा. ‘भूवैज्ञानिक दख्खनचे पठार स्थिर मानत असत’ असं लिहिलं की कोणते भूवैज्ञानिक, हा प्रश्न आपोआप समोर येतो, आणि १९६७ पूर्वीचं एखादं पाठ्यपुस्तक किंवा सर्वेक्षणाचा अहवाल शोधावा लागतो. सापडला तर उत्तम. नाही सापडला, तर नंतरच्या कुठल्या अभ्यासकाने तसं नोंदवलं आहे त्याचा संदर्भ द्या. दोन्ही नसेल तर वाक्य काढा. या तीनपैकी तिसरा पर्याय विद्यार्थ्यांना सर्वांत जड जातो, पण मसुदा त्यानेच सर्वांत सुधारतो.

पाचव्या वाक्यातलं ‘सिद्ध झाले आहे’ याच जातीचं. इथे तर विषयाच्या जाणकारांची भाषा आणखी जपून असते. भूकंपानंतरची काही वर्षं जलाशयाचा संबंध मानणारे आणि न मानणारे असे दोन्ही तज्ज्ञ होते. आज जो समज रूढ आहे तो असा, की खडकांत ताण आधीपासून साठलेला होता आणि जलाशयाच्या पाण्याने त्याला चालना दिली. ‘पाण्याने भूकंप घडवला’ आणि ‘पाण्याने चालना दिली’ यांत फरक आहे. संदर्भ शोधायला गेलं की हा फरक कळतो आणि वाक्य बदलावं लागतं. माझ्या अनुभवात संदर्भ शोधण्याचा खरा लाभ हाच. दर तीन-चार संदर्भांमागे एक वाक्य चुकलेलं सापडतं.

१४ शब्द आणि १० टक्के

आता विद्यापीठाच्या बाजूने. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली वाङ्मयचौर्याबाबतचे विनियम आणले. साम्य तपासताना काय वगळायचं, याच्या यादीत त्यात सर्वज्ञात माहिती आणि योगायोगाने जुळणारे शब्द, सलग १४ शब्दांपर्यंत, असा उल्लेख आहे. शिवाय १० टक्क्यांपर्यंतचं साम्य किरकोळ मानून त्याला दंड नाही. या दोन आकड्यांतून वसतिगृहांत दोन नियम जन्माला आले आहेत. ‘चौदा शब्द उचलले तर चालतात’ आणि ‘दहा टक्के कॉपी माफ असते.’

दोन्ही चुकीचे. ते आकडे यंत्राने दाखवलेलं साम्य कसं मोजायचं यासाठी आहेत. कुणाची कल्पना घेतली तर त्याचं नाव लिहायचं की नाही, हे ते ठरवत नाहीत. सहा शब्दांची एखादी नवी संकल्पना उचलली तरी संदर्भ लागतो. उलट ‘११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे कोयना परिसरात मोठा भूकंप झाला’ हे वाक्य शंभर प्रबंधांत जवळजवळ असंच असणार, आणि त्यात चोरी काही नाही.

यातून एक वाईट सवय लागते. विद्यार्थी यंत्राला चुकवण्यासाठी शब्द फिरवतात, ‘मृत्युमुखी पडले’चं ‘प्राण गमावले’ करतात, आणि या खटपटीत संदर्भ गाळून बसतात. साम्य शून्यावर येतं आणि चोरी पूर्ण होते. मराठीत तर ही वाट आणखी सोपी आहे. इंग्रजी पुस्तकातला परिच्छेद भाषांतर करून घेतला की यंत्राला बहुधा काहीच सापडत नाही. पण भाषांतराने मालक बदलत नाही. विचारांचा क्रम, उदाहरणं, वर्गीकरण दुसऱ्याचं असेल तर प्रत्येक शब्द तुमचा असूनही संदर्भ त्याचा आहे. ओळखायचं कसं? मूळ पुस्तक मिटून त्या मुद्द्याबद्दल दहा ओळी लिहून बघा. क्रम तोच आला आणि उदाहरणंही तीच आली, तर समजायचं ते काय आहे.

संदर्भ कुठे ठेवायचा

इथे फार बोलण्यासारखं नाही, एकच गोष्ट. संदर्भाचा आकडा दाव्याला चिकटून हवा, परिच्छेदाच्या शेपटीला नको. वाक्यात दोन दावे दोन ठिकाणांहून आले असतील तर आकडेही वाक्याच्या पोटात दोन ठिकाणी येतील. दिसायला ते थोडं विचित्र वाटतं, वाटू दे. सलग पाच-सहा वाक्यं एकाच पुस्तकावरून असतील तर प्रत्येकामागे आकडा टाकण्याऐवजी सुरुवातीलाच नाव घेऊन सांगा की पुढचं विवेचन अमुक यांच्या आधारे आहे, आणि जिथे तुमचं स्वतःचं सुरू होतं तिथे ‘यापुढे जाऊन असे म्हणता येईल’ अशी स्पष्ट पायरी ठेवा. ही पायरी बहुतेक जण विसरतात, आणि मग दुसऱ्याचं कुठे संपलं ते वाचकाला कळत नाही.

लिहिण्याच्या भरात मात्र हे काहीच करू नका. शंका आली की वाक्यानंतर कंसात ‘सं.?’ टाका आणि पुढे चला. प्रकरण संपलं की फक्त त्या खुणा शोधत परत या. प्रत्येक वाक्याला थांबून पुस्तक उघडत बसलात तर प्रकरण दिवाळीला सुरू होऊन होळीलाही संपत नाही. एक धोका आहे तो सांगतो. पुस्तक हातात असतानाच जी गोष्ट उतरवून घेता, तिचा पान क्रमांक तिथल्या तिथे लिहायचा. ‘नंतर शोधतो’ म्हटलेलं पान सापडत नाही, आणि तेवढ्यात ते पुस्तक ग्रंथालयात परत गेलेलं असतं.

तोच परिच्छेद, पुन्हा

दोन महिन्यांनी तो परिच्छेद असा झाला. चौकटी कंसातले आकडे म्हणजे संदर्भाच्या जागा.

कोयना धरण सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्यात आहे. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे या परिसरात मोठा भूकंप झाला. त्याची तीव्रता वेगवेगळ्या मोजमापांनुसार ६.३ ते ६.६ दरम्यान नोंदवली गेली आहे [१]. मृतांचा आकडा १७७ पासून सुमारे २०० पर्यंत दिला जातो [२][३]. जलाशयातील पाण्याने खडकांत आधीच साठलेल्या ताणाला चालना दिली, असे भूकंपशास्त्राचे अभ्यासक मानतात [४]. धरण उभे राहिले, मात्र भिंतीच्या काही भागांना तडे गेले [५]. प्रस्तुत अभ्यासासाठी परिसरातील तेरा वृद्धांच्या मुलाखती घेतल्या. त्यांतील बहुतेकांनी धक्का बसताच प्रथम धरणाचा विचार मनात येतो असे सांगितले. तिघांनी गोठ्याचा उल्लेख केला. येथील विस्थापनाचा विचार भूकंप वगळून करता येत नाही, तो यामुळे.

दख्खनच्या पठाराचं वाक्य गेलं. १९६७ पूर्वीचं पुस्तक त्याला शेवटपर्यंत मिळालं नाही, आणि परिच्छेदाचं त्यावाचून काही अडलंही नाही. किमयाही गेली. शेवटच्या वाक्यामागची तळटीप काढताना मात्र तो थोडा घुटमळला. ‘सर, इथे काहीच नको?’ म्हणाला. मी म्हटलं, इथे तुझं नाव आहे, मुखपृष्ठावर.